आंब्याचा सीझन संपला, आंबेवाल्या काकांचे आभार कसे मानायचे?

खारीवावची_मीना · 19 जून, सकाळी 8:10

परवा रात्री बडोद्यात पहिला दणकून पाऊस झाला. काल सकाळी भाजीला निघाले तर काकांच्या लारीवर केसरच्या फक्त चार पेट्या. बाकी लारी रिकामी, वर प्लास्टिकचा कागद, आणि काका स्टुलावर बसून फांदीच्या काटकीने कान कोरत होते. म्हटलं, झालं, सीझन संपला.

मी लग्न होऊन दांडियाबाजारात आले तेव्हापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, आंबे याच लारीवरून. काका मला कधी फळ निवडू देत नाहीत, स्वतः निवडतात. सासूबाईंना साखर आहे म्हणून त्यांच्यासाठी मुद्दाम लहान फळं बाजूला ठेवतात, "एक आखी केरी खाय तो मन भराय," असं त्यांचं म्हणणं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये फाटकाशी पेटी ठेवून लांबूनच हाक मारायचे, पैशाचं नावही काढलं नाही दोन महिने.

गेल्या वर्षी शेवटच्या दिवशी मी हिशोबापेक्षा हजार रुपये जास्त दिले. म्हटलं राहू द्या. ते काही बोलले नाहीत, मोजले, खिशात घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाच्या हाती बरोब्बर हजाराचे लंगडा आंबे घरी! मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की विचारू नका.

तर यंदा काय करू? पाकीट नको, हे कळलंय. तुम्ही काय करता?

---

मकरपुऱ्याचा_मंदार · 8:32

पुढच्या वर्षी भाव करू नका. एवढं जरी केलंत तरी काका पेढे वाटतील.

(आमचं आधीचं घर तिकडेच होतं. आई याच लारीवरून घ्यायची, मीही अजून मकरपुऱ्याहून येतो. त्यामुळे तुम्ही भाव करता हे मी डोळ्यांनी पाहिलंय.)

---

सुलभा_अलकापुरी · 9:05

साडी आणि पाव किलो मिठाई. मी आमच्या भाजीवाल्या बेनला दर दिवाळीत देते, खूष असते. काकांच्या घरी बायको असेलच ना? साडीला कोणी नाही म्हणत नाही, आणि पैसे दिल्यासारखंही वाटत नाही.

---

केसरप्रेमी_77 · 9:11

केसर अजून मिळतोय? काय भाव? लारी नक्की कुठे? मी कारेलीबागेत आहे, संध्याकाळपर्यंत पोचेन. दोन पेट्या ठेवायला सांगा प्लीज.

---

मकरपुऱ्याचा_मंदार · 9:14

@केसरप्रेमी_77 प्रश्न आभार मानण्याचा आहे हो. पण तुम्ही दोन पेट्या उचलल्यात तर काका तुमचेच आभार मानतील.

---

निवृत्त_मास्तर · 10:20

केसरप्रेमी, थांबा जरा. 22 जूनच्या सुमारास आर्द्रा नक्षत्र लागतं. आमच्याकडे आणि गुजराती घरांतही आर्द्रा लागली की आंबा बंद. भीम अगियारसला लेकी-जावयांना पेट्या गेल्या, रस-पोळी झाली, विषय संपला. त्यानंतर आंब्यात अळी पडते, कुठलाही आंबा असो.

अवांतर: केसर हे नाव जुनागढचे नवाब महाबतखान तिसरे यांनी 1934 च्या सुमारास दिलं असं सांगतात. गर केशरासारखा दिसला म्हणून. वर्गात हे सांगितलं की मुलं पुढचे दहा मिनिटं फक्त आंब्यावरच बोलायची, गणित राहून जायचं.

---

फळवाल्याचा_पोरगा · 11:48

धागा वाचून राहवलं नाही. आमच्या वडिलांची फळाची लारी होती, तेवीस वर्षं. मी आता नोकरी करतो, पण उन्हाळ्याच्या सुट्ट्या सगळ्या लारीवर गेल्या आहेत. त्यामुळे दुसऱ्या बाजूने सांगतो.

आधी सुलभाताई, राग मानू नका. आमच्या आईला एका दिवाळीत आठ साड्या आल्या होत्या. आठही एकाच जातीच्या, देणाऱ्याच्या घरात कोणी नेसत नाही अशा. आईने हसून घेतल्या, तीन मावशीला दिल्या, बाकीच्या पेटीत. तिला हवा होता प्रेशर कुकर.

आता मुद्दा. फळाच्या धंद्यात सीझनचा शेवट हा सगळ्यात अडचणीचा काळ असतो. बाहेरून वाटतं, तीन महिने कमावले, आता आराम. खरं असं असतं. सयाजीपुऱ्याच्या मार्केट यार्डात व्यापारी आठ-दहा दिवसांच्या उधारीवर माल देतो. सीझन चालू असतो तोवर नवीन माल उचलायचा, जुन्याचे पैसे द्यायचे, असं चाक फिरत राहतं. पाऊस पडला की चाक थांबतं. मग व्यापारी म्हणतो, आता सगळा हिशोब चुकता कर. आणि त्याच वेळी लारीवाल्याचे पैसे कुठे असतात? तुमच्या घरात. खात्यावर.

एक आकडा सांगतो, आमच्या वडिलांच्या वहीतला, अंदाजे. दहा किलोची पेटी 950 ला पडायची. टेम्पो, हमाली, कागद धरून चाळीस. दहा किलोतला एक किलो जातोच, दबलेला, देठाशी काळा पडलेला. उरलेले नऊ किलो 130 ने विकले तर 1170. म्हणजे एका पेटीमागे 180 रुपये सुटले. आता समजा पंचवीस घरांकडे पंधराशे-पंधराशे बाकी आहेत. झाले साडेसदतीस हजार. म्हणजे दोनशेहून जास्त पेट्यांची कमाई लोकांच्या घरी बसलेली, आणि लोक म्हणतात, "काका, पुढच्या आठवड्यात देते हं." पुढच्या आठवड्यात लारी नसतेच.

म्हणून वडील म्हणायचे, ज्याने शेवटची पेटी नेताना खातं मिटवलं तो खरा गिऱ्हाईक.

बाकी तुम्ही हजार दिलेत ते त्यांनी परत केले, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. त्यांना ते दान वाटलं असणार. दुकानदार दान घेत नाही, माल देतो. लंगडा दिला म्हणजे तुमचा मान राखला.

---

खारीवावची_मीना · 12:15

अरे देवा. मी आत्ता फ्रिजवरचं कॅलेंडर पाहिलं. त्यावर मी पेट्या लिहिते. माझे 1740 बाकी आहेत! आभाराचं काय घेऊन बसले होते मी.

---

मकरपुऱ्याचा_मंदार · 12:17

मी काही बोलत नाही. माझं कॅलेंडर पाहायला मी घाबरतोय.

---

सुलभा_अलकापुरी · 12:40

@फळवाल्याचा_पोरगा राग नाही आला. पण माझ्या साड्या चांगल्या असतात हो. तरी कुकरचं लक्षात ठेवते. विचारायला काय हरकत आहे, "तुला काय पाहिजे?" असं? मी कधीच विचारलं नाही, खरं आहे.

---

बँकवाले_अण्णा · 1:30

पोरगा छान लिहिलंस. त्यात एक गोष्ट जोडतो. मार्चमध्ये पहिला माल उचलायला रोख लागते, ती कुठून येते? बहुतेक लारीवाले "डायरी"चं कर्ज घेतात. पद्धत अशी: हातात नऊ हजार मिळतात, आणि रोज संध्याकाळी माणूस येऊन शंभर रुपये घेऊन जातो, शंभर दिवस. म्हणजे दहा हजार परत. ऐकायला वाटतं, नऊ हजारावर हजारच व्याज, काय मोठं? पण पैसे पहिल्या दिवसापासून परत जात असतात, सरासरी धरली तर हातात साडेचार-पाच हजारच असतात. त्यावर शंभर दिवसांत हजार. वर्षाचा हिशोब लावा, पंचाहत्तर टक्क्यांच्या वर जातो. मी निवृत्तीआधी लोकांना कागदावर हे करून दाखवायचो. ऐकून गप्प व्हायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डायरीवाल्याकडे जायचे, कारण तो अंगठ्यावर, दहा मिनिटांत देतो.

याला पर्याय म्हणजे पंतप्रधान स्वनिधी. फेरीवाल्यांसाठी, 2020 च्या जूनपासून. पहिलं कर्ज तेव्हा दहा हजार होतं, आता 2025 च्या बदलानंतर पंधरा हजार. वेळेवर फेडलं की पंचवीस, मग पन्नास. वेळेवर हप्ते भरणाऱ्याला व्याजात सात टक्के सवलत. मीनाताई, आभार मानायचेतच तर बसून काकांचा अर्ज भरून द्या. एक दुपार लागेल. आधारला मोबाईल जोडलेला आहे ना, एवढं आधी बघा. नाहीतर तिथेच अडतं.

---

आळशी_अजय · 1:52

ते पैसे परत द्यावे लागत नाहीत ना? सरकारी कर्ज आहे, निवडणुकीला माफ होतं. आमच्या गल्लीतल्या नारळवाल्याने तर भरलंच नाही, काही झालं नाही.

---

बँकवाले_अण्णा · 2:05

@आळशी_अजय परत द्यावे लागतात. अनुदान नाही, कर्ज आहे, फक्त तारण लागत नाही. नारळवाल्याला आत्ता काही झालं नाही, पण पुढचं पंचवीस हजाराचं मिळणार नाही आणि क्रेडिट रेकॉर्ड बिघडलं. त्याला असा सल्ला देऊ नका.

---

फळवाल्याचा_पोरगा · 2:31

अण्णा बरोबर. वडिलांनी पहिलं घेतलं होतं, फेडलं, दुसरंही मिळालं. पण एक सांगतो, ते पैसे मार्चमध्ये हवे असतात आणि मंजूर व्हायला वेळ जातो. जूनमध्ये अर्ज केला तर पुढच्या मार्चला हाती असतील. त्यामुळे आत्ताच भरणं शहाणपणाचं. मार्चमध्ये भरला तर डायरीवालाच जिंकतो.

---

इंदूरची_माई · 3:10

माझं थोडं वेगळंच. मी इंदूरची, राजवाड्याजवळची. आमच्याकडे आंब्याचं एवढं नाही, पण थंडीतल्या गराडू नावाच्या कंदाचं वेड आहे. माझा गराडूवाला भैया चौदा वर्षं ठेला लावतो, फक्त चार महिने. बाकीचे आठ महिने तो गावी.

आभार म्हणून मी काय करते? मी त्याच्या मुलीला शिकवते. फोनवर. इंग्रजी. ती आता दहावीत आहे. तो मला पाव किलो जास्त घालतो आणि मी दुर्लक्ष करते. आता यात कोण कोणाचे आभार मानतंय?

एक तक्रार मात्र आहे. गराडू तळून मसाला टाकून देतात तो ठेलेवाला वेगळा, कच्चा देणारा वेगळा. लोक नेहमी तळणाऱ्याचं कौतुक करतात. कच्चा गराडू निवडणं किती कठीण आहे, कापला की आतून काळा निघतो. हे बोलायला इथे विषय नाही, पण बोलून घेतलं.

---

मकरपुऱ्याचा_मंदार · 3:22

माई, तुम्ही धाग्याला मसाला लावलात. आता मला गराडू हवाय, जूनमध्ये.

---

वाघोडियाची_राधिका · 4:45

अण्णांच्या डायरीवरून सुचलं. आमच्या सोसायटीत आम्ही दोन वर्षं असं केलं: मार्चच्या शेवटी दहा घरांनी दोन-दोन हजार आंबेवाल्याला आधीच दिले. वीस हजार. त्याने त्याच पैशांवर पहिला माल उचलला, डायरी घेतलीच नाही. मग जशा पेट्या येतील तसे त्यातून वळते केले. मला वाटतं याच्यापेक्षा मोठं आभार नाही. त्याने बायकोला सांगितलं, "आ वर्षे मारी पासे कोई सांजे पैसा लेवा नथी आव्यो."

पण तिसऱ्या वर्षी आमचं फसलं. एप्रिलमध्ये त्याला काविळ झाली. दीड महिना लारी नाही. दोन घरांनी "आमचे पैसे कुठे गेले" म्हणून त्याच्या घरी माणूस पाठवला. आजारी माणसाच्या घरी! शेवटी त्याने ऑगस्टपर्यंत केळी आणि दुसरी फळं देऊन फेडलं. पण पुन्हा आगाऊ घेतलं नाही. आम्हीही विचारलं नाही. मला अजून ते टोचतं.

---

फळवाल्याचा_पोरगा · 5:30

राधिकाताई, हे असंच होतं, म्हणून मी ते आधी लिहिलं नाही. कल्पना चांगली आहे पण तीन गोष्टी आधी बोलून ठेवाव्या लागतात.

एक, भाव त्या दिवशीचा लागेल. आगाऊ दिले म्हणून मार्चचा भाव बांधला असं समजायचं नाही. केसर गीरमधल्या तलालाच्या यार्डात ज्या भावाने सुटेल तसा. फळ कमी आलं त्या वर्षी लारीवाला बांधलेल्या भावात मरतो. दोन, त्याच्या वहीत आणि तुमच्या वहीत दोघांनी लिहायचं, आणि प्रत्येक पेटीला खोडायचं. तीन, बुडाले तरी चालेल एवढेच द्यायचे. ज्याला दोन हजार बुडणं परवडत नाही त्याने देऊ नये. त्या दोन घरांनी माणूस पाठवला कारण त्यांना परवडत नव्हतं, आणि ते सांगायची लाज वाटली होती.

---

सुलभा_अलकापुरी · 5:48

पण मग हे आभार आहेत की सावकारी? मला अजूनही नीट वाटत नाही. आगाऊ घेतलेला माणूस तुम्हाला नाही कसा म्हणेल? तुम्ही सांगाल तेवढ्या पेट्या, सांगाल तेव्हा. मला वाटतं साडी बरी. साडीचं ओझं नसतं.

---

बँकवाले_अण्णा · 6:02

सुलभाताईंच्या बोलण्यात तथ्य आहे. व्याज नसलं तरी ऋण असतं. मी तरी माझ्या भाजीवाल्याला अर्ज भरून दिला आणि बाजूला झालो.

---

खारीवावची_मीना · 6:40

बरं, आता एक वेगळा प्रश्न. चार पेट्या शिल्लक होत्या, केसरप्रेमींनी नेल्या नसतील तर मी दोन घ्याव्यात का? मास्तर म्हणतात अळी. पण काका त्या चार पेट्यांकडे असे बघत होते... त्यांना त्या आता कोणी घेणार नाही हे माहीत होतं.

---

निवृत्त_मास्तर · 6:52

घेऊ नका. श्रद्धा म्हणा, आरोग्य म्हणा. आर्द्रा.

---

फळवाल्याचा_पोरगा · 7:25

मास्तर, तुमचं अर्धं बरोबर आहे. पाऊस झाल्यावर फळमाशी वाढते हे खरं. ती पिकत आलेल्या फळाच्या सालीत अंडी घालते, आणि आत अळी होते. म्हणून जुन्या लोकांनी आर्द्रेची रेघ आखली असणार. पण कुठलाही आंबा असो, हे नाही. आर्द्रेनंतरच तर उत्तरेकडचा लंगडा, चौसा बाजारात जोरात येतो, जुलैपर्यंत बडोद्यात खातातच लोक. पाऊस त्या बागेवर पडला की नाही, यावर आहे. गीरच्या केसरवर पाऊस पडून गेला असेल तर मात्र जपून.

@मीनाताई, घ्या, पण असं बघा. माशीने टोचलेल्या जागी टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका असतो, आणि त्याच्या भोवती साल मऊ, किंचित आत गेलेली. कधी त्यातून चिकट थेंब आलेला असतो. अंगठ्याने पूर्ण फळ दाबू नका, फक्त ठिपक्यावर हलकेच. जागा खचली तर ते बाजूला. वरून काळे-तपकिरी ठिपके भरपूर पण फळ घट्ट असेल तर ती बुरशी आहे, अळी नाही. ते भाग काढून वापरता येतो. आणि देठापाशी काळं पडून मऊ झालेलं फळ ठेवून वाट पाहू नका, तिथून एका दिवसात अर्धं फळ जातं.

एक विनंती. शेवटच्या पेट्यांत खराब निघतात, तेव्हा परत आणून देऊ नका. अडीचशे ग्रॅमची दोन फळं बदलून दिली की अर्धा किलो, म्हणजे पासष्ट रुपये गेले. एका पेटीत 180 सुटतात हे आठवा. एप्रिल-मेमध्ये परत आणा, तो त्याचा धंदा आहे. शेवटच्या आठवड्यात नका आणू.

---

खारीवावची_मीना · 7:33

साक्याचं काय? हापूसचा साका निघाला तर मी परत केलाय एप्रिलमध्ये. गंमत म्हणजे काकांनी दोन आंबे दिले पण चेहरा पडला होता.

---

फळवाल्याचा_पोरगा · 7:41

साका बाहेरून दिसत नाही ताई, हापूसचंच दुखणं आहे ते. पांढरा, स्पंजासारखा गर, कापल्याशिवाय कळत नाही. त्यांना तर कापायची सोयही नाही. यार्डातला व्यापारी साक्याला काही देत नाही. ते दोन आंबे त्यांच्या खिशातून गेले. चेहरा त्यामुळे पडला.

---

खारीवावची_मीना · 7:44

🙏

---

ग्वाल्हेरचा_दिलीप · 9:15

मी ग्वाल्हेरहून, शिंद्यांच्या काळापासूनचे आम्ही इथले. आमचा भाजीवाला दर वर्षी मटार संपले की मला हात जोडून "साहब, अब अगले साल" म्हणतो, आणि मी त्याला जोडतो. बस. बत्तीस वर्षं असंच. बायको म्हणते काहीतरी दे. मी म्हणतो तो काही मागत नाही, मी काही मागत नाही. तुमचा धागा वाचून आता शंका यायला लागलीये.

---

मकरपुऱ्याचा_मंदार · 9:20

@ग्वाल्हेरचा_दिलीप खातं आहे का तुमचं? आधी ते बघा.

---

ग्वाल्हेरचा_दिलीप · 9:24

रोखच देतो भाऊ. उधारी करायची हिंमतच नाही, बायको भाजी मोजते.

---

खारीवावची_मीना · 23 जून, रात्री 10:05

मंडळी, उशीर झाला, पण सगळं सांगते.

20 तारखेला सकाळी 1740 घेऊन गेले. काकांनी वही काढली. त्यांची वही म्हणजे शाळेची जुनी, पानं पावसाने एकमेकांना चिकटलेली. माझं पान काढलं, बोट फिरवलं आणि म्हणाले, "चौदसो एंशी." मी म्हटलं 1740. ते म्हणाले 1480. पाच मिनिटं आम्ही रस्त्यावर भांडलो, मी जास्त द्यायला आणि ते कमी घ्यायला. शेवटी कळलं, एप्रिलमधले साक्याचे आंबे. मला बदली आंबे दिले आणि वर पैसेही वळते केले होते. मला सांगितलंही नव्हतं.

मी 1740 ठेवून निघणार होते, पण पोरग्याचं "दान वाटतं" आठवलं. 1480 दिले. 260 परत पर्समध्ये. कधी एवढी अस्वस्थ झाले नव्हते 260 रुपये परत घेऊन.

दोन पेट्या घेतल्या. केसरप्रेमींनी आदल्या दिवशीच दोन नेल्या म्हणे! पोरग्याने सांगितलं तसं एकेक फळ बघितलं. वीस किलोतून साडेसहा किलो गेले, त्यात खरोखर अळीची सात फळं, बाकी देठाशी गेलेली. साठं घालायला ऊन नाही, म्हणून रस काढून मंद गॅसवर आटवला. साखर घालून घोटला, तीन तास. तीन बरण्या झाल्या. एक बरणी काकांना दिली. त्यांनी बोटाने चाखला आणि विचारलं, "आ मारी केरी छे?" मी हो म्हटलं. मग म्हणाले, एवढ्या वर्षांत घरी आम्ही डागी फळंच खातो, आटवायला कधी उरतच नाहीत.

मग मी विचारलंच. काका, तुम्हाला काय पाहिजे? मला वाटलं ताडपत्री म्हणतील, कुकर म्हणतील. अण्णांनी सांगितलेला अर्जही विचारला. ते म्हणाले मुलगा बघतोय, गेल्या महिन्यात आधारला फोन जोडलाय. मग थोडा वेळ गप्प. मग वही पुढे केली आणि म्हणाले, "बेन, तमारा अक्षर सारा छे."

झालंय असं की सतरा तारखेच्या पावसात फोन पाण्यात पडला, नंबर सगळे गेले. दर मार्चमध्ये पहिली पेटी आली की ते घरोघरी फोन करतात, तेच त्यांचं सगळं गिऱ्हाईक. आता उरली ही भिजलेली वही. ती चांगल्या वहीत उतरवून द्या, एवढंच मागितलं.

तेव्हापासून रोज रात्री बसते. पानं केस वाळवायच्या मशीनने वाळवून सुटी करते. चौसष्ट घरं आहेत. नावं एकाचीही नाहीत! "त्रीजो माळ, कूतरो." "डॉक्टर, खाटी नहीं." "सफेद स्कूटर, फक्त रविवार." नंबर काही पुसले गेलेत, ते मी आसपास विचारून भरतेय. माझं पान सापडलं. त्यावर लिहिलंय, "चश्मावाळा बेन, नानी केरी, सासु."

---

इंदूरची_माई · 10:31

मीना, मी इथे एकटीच हसतेय आणि डोळे पुसतेय.

---

सुलभा_अलकापुरी · 10:40

मी आज आमच्या बेनला विचारलं काय पाहिजे. म्हणाली, "साडी." 😄

---

मकरपुऱ्याचा_मंदार · 10:44

मीनाताई, त्या वहीत आमचं पान आहे का? आई गेल्यापासून मीच घेतो. मकरपुऱ्याचा नंबर असेल.

---

खारीवावची_मीना · 10:52

आहे. आधी खोडलेलं आहे, "मासी, रस माटे," आणि खाली नवीन शाईने, "मासीनो छोकरो. मोडो आवे. राखवुं." बाकी 620.

---

मकरपुऱ्याचा_मंदार · 10:55

उद्या सकाळी लवकर येतो.